महिन्याची वही वाचल्याशिवाय शेड्यूल बदलू नका



पोलिस भरतीची तयारी करणारी मुले पहाटे फज्रनंतर मैदानावर दिसू लागली की काही आठवड्यांत घराघरांत एकच वाद सुरू होतो. मुलगा म्हणतो, ‘या शेड्यूलने काही होत नाही, दुसरे घेतो.’ अब्बू म्हणतात, ‘आत्ताच तर सुरू केले, टिकून राहा.’ दोघेही अंदाजाने बोलत असतात. निकाल देऊ शकेल अशी एक वस्तू मात्र त्याच घरात असते, ती म्हणजे मुलाची रोजची वही. या महिन्याच्या सदरात आम्ही अशी एक वही पानापानाने वाचणार आहोत. महिनाभराच्या नोंदीवरून शेड्यूल बदलायचे की ठेवायचे हे कसे ठरवावे, एवढाच आजचा विषय आहे.

वही आमच्या एका माजी विद्यार्थ्याची आहे. नाव सांगत नाही, त्याची परवानगी मात्र घेतली आहे. वय वीस, बारावी झालेली, दुपारनंतर एका किराणा दुकानात काम. वहीत मोठ्या अक्षरांत शेवटची ओळ होती, ‘एक महिना वाया गेला.’ एका अकॅडमीने त्याला निवासी वर्गाची फी पंधरा हजार सांगितली होती. दुकानाचे काम सोडून तिकडे जायचे त्याच्या मनात होते आणि पैसे अम्मीच्या भिशीतून येणार होते. भिशी उचलली की परत मिळत नाही आणि सुटलेले काम सहज मिळत नाही. म्हणून ‘महिना वाया गेला’ हे वाक्य खरे आहे का, ते तपासणे भाग होते.

ज्या घरात भरतीची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोलिस शिपाई पदाची मैदानी चाचणी पन्नास गुणांची असते. मुलांसाठी १६०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर धावणे १५ गुण आणि गोळाफेक १५ गुण. गोळा ७.२६ किलोचा असतो. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर आणि ४ किलोचा गोळा असतो. पन्नासपैकी निदान पंचवीस गुण मिळावे लागतात आणि पुढे एका जागेमागे दहा या प्रमाणात लेखी परीक्षेला बोलावतात. म्हणून केवळ पास होऊन भागत नाही, मैदानातला एकेक गुण उपयोगी पडतो. १६०० मीटरला पूर्ण गुण हवे असतील तर ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत यावे लागते. आमचा विद्यार्थी सुरुवातीला ६ मिनिटे १८ सेकंदांवर होता.

त्याचे शेड्यूल भरती झालेल्या एका मोठ्या मुलाने कागदावर लिहून दिलेले होते. सोमवारी चारशे मीटरच्या चार वेगवान धावा, प्रत्येकीनंतर तीन मिनिटे चालत विश्रांती. मंगळवारी गोळा आणि दंड-बैठका. बुधवारी पाच किलोमीटर हलके धावणे. गुरुवारी शंभर मीटरच्या सहा धावा आणि त्यानंतर गोळा. शुक्रवारी आणि रविवारी सुट्टी. शनिवारी एका आठवड्यात सहा किलोमीटर हलके धावणे, तर दुसऱ्या आठवड्यात १६०० मीटरची चाचणी. म्हणजे आठवड्याला पाच दिवस आणि चार आठवड्यांचे वीस दिवस झाले. साधे शेड्यूल आहे, नवख्या मुलाला पुरेसे आहे.

मुलाला वाईट का वाटले ते आधी पाहू. त्याच्या तीन चाचण्या अशा होत्या. सुरुवातीला ६:१८, दोन आठवड्यांनी ६:०९ आणि चार आठवड्यांनी ६:२१. पहिला आणि शेवटचा आकडा शेजारी ठेवले की महिनाभर घाम गाळून तो तीन सेकंद मागे गेला असे दिसते. त्याने तेवढेच दोन आकडे पाहिले आणि निकाल लिहून टाकला.

आम्ही आकड्यांकडे शेवटी वळलो. आधी पाहायचे ते वेगळेच असते. शेड्यूलमध्ये लिहिले होते ते खरोखर झाले का? औषध घेतलेच नसेल तर औषधाला गुण नाही असे कसे म्हणणार? म्हणून एका कोऱ्या कागदावर वीस चौकोन काढले आणि वहीतील प्रत्येक दिवस त्यात भरत गेलो. तीन खुणा ठरवल्या. लिहिले तसे झाले तर बरोबरची खूण, मैदानावर गेला पण वेगळेच केले तर गोल, गेलाच नाही तर फुली.

वहीत त्याने स्वतः सतरा दिवसांपुढे टिक केली होती. वीसात सतरा म्हणजे चांगलीच हजेरी. पण टिकपुढचा मजकूर वाचल्यावर त्यातल्या तीन टिकांवर आम्हाला गोल काढावे लागले. पहिल्या शनिवारी सहा किलोमीटर हलके धावायचे होते. वहीत लिहिले होते, ‘मुलांबरोबर १६०० मारला, ६:१७, मग थोडे जॉगिंग.’ दुसऱ्या आणि तिसऱ्या बुधवारी हलक्या पाच किलोमीटरच्या जागी तेच, टायमिंग ६:१५ आणि ६:१६. मैदानावर सात-आठ मुले जमली, कोणीतरी मोबाइलवर वेळ लावली आणि हलक्या दिवसाची शर्यत झाली. मुलाच्या नजरेत तो दिवस जास्त मेहनतीचा होता, म्हणून त्याने आनंदाने टिक केली.

चौथ्या आठवड्यात तीन फुल्या होत्या, सोमवार, बुधवार आणि गुरुवार. कारण वहीतच लिहिले होते, ‘पहला रोज़ा.’ रमजान सोमवारी सुरू झाला होता. सेहरी, दुकान, इफ्तार, तरावीह या नव्या दिनक्रमात तीन दिवस सुटले. त्यात दोष देण्यासारखे काही नाही, पण हिशेबात ते धरायलाच हवेत.

आता बेरीज करा. लिहिले तसे झालेले दिवस चौदा, वेगळेच झालेले तीन, न झालेले तीन. हलक्या धावण्याचे महिन्यात सहा दिवस होते आणि त्यातले खरोखर हलके झाले फक्त दोन. कागदावर १६०० मीटर पूर्ण जोर लावून तीनदा पळायचे होते, तो सहा वेळा पळाला. म्हणजे मुलाने जे शेड्यूल ‘महिनाभर करून पाहिले’ असे तो म्हणतो, ते त्याने पुरते केलेलेच नाही. त्याने जवळपास तीन आठवडे केले आणि त्या तीन आठवड्यांतही हलक्या दिवसांची जागा शर्यतींनी घेतली.

इथे कोणीही विचारील, आणि त्यानेही विचारले, ‘सर, जास्त पळालो तर बिघडले काय? टायमिंग कमी करायचे तर टायमिंगच लावायला पाहिजे ना?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर आम्ही त्याच्याच वहीतून दाखवले.

गुरुवारच्या शंभर मीटरच्या नोंदी पाहा. पहिल्या गुरुवारी सहा धावांतली सर्वांत चांगली १४.० सेकंद. आदल्या दिवशीचे बुधवारचे धावणे त्या आठवड्यात खरेच हलके होते, पाच किलोमीटरला एकतीस मिनिटे. दुसऱ्या गुरुवारी सर्वांत चांगली १४.४ आणि तिसऱ्या गुरुवारी १४.५. या दोन्ही गुरुवारांच्या आदल्या दिवशी शर्यत झाली होती. मित्राने हाताने लावलेल्या घड्याळात दोन-तीन दशांश इकडेतिकडे होतात, म्हणून केवळ या आकड्यांवर आम्ही विसंबलो नसतो. पण शेऱ्याच्या रकान्यात दोन्ही गुरुवारी त्याच्याच हाताने लिहिलेले होते, ‘पाय जड.’ पहिल्या गुरुवारी तसा शेरा नाही. आकडा आणि शेरा दोघे एकच गोष्ट सांगू लागले की ती मानावी.

हलका दिवस हा आळसाचा दिवस नसतो. त्या दिवशी हृदय आणि फुप्फुसे लांब वेळ काम करतात, पण पायांना जबर मार बसत नाही आणि दुसऱ्या दिवशी वेगाने धावण्याची ताकद शिल्लक राहते. १६०० मीटरच्या सहा मिनिटांत बहुतेक शक्ती श्वासावाटे घेतलेल्या प्राणवायूच्या जोरावरच येते आणि ती क्षमता वाढवण्यात हलक्या, लांब धावण्याचा मोठा वाटा असतो. ६:१८ ला १६०० पळणाऱ्या मुलाने हलक्या दिवशी एक किलोमीटरला सहा मिनिटांच्या आसपास वेळ घ्यावा. घड्याळ नसेल तर आमच्या मुलांना आम्ही एक सोपी खूण सांगतो. धावताना मनात नव्हे, ओठांनी दुरूद शरीफ म्हणा. श्वास न तुटता, न धापता म्हणता आले तर वेग हलका आहे. दोन शब्दांनंतर थांबावे लागले तर तो हलका दिवस राहिलेला नाही, वहीत काहीही लिहिले असो.

हे झाल्यावर आम्ही आकड्यांकडे वळलो. तीन चाचण्यांपैकी कोणत्या दोन एकमेकींशी ताडून पाहता येतात? पहिली आणि दुसरी. दोन्ही आमच्याच शाळेच्या दोनशे मीटरच्या मैदानावर, आठ फेऱ्या, फज्रनंतर, तेच बूट, आदल्या दिवशी शुक्रवारची सुट्टी. वेळ ६:१८ वरून ६:०९, म्हणजे नऊ सेकंदांची घट. तिसरी चाचणी त्याच मैदानावर झाली, पण संध्याकाळी साडेपाचला, सहाव्या रोज्याला, मार्चच्या उन्हात, पहाटेपासून पाण्याचा थेंब पोटात नसताना आणि आठवडाभर धावणे सुटलेले असताना. अंगातले पाणी कमी झाले की रक्ताचे प्रमाण थोडे घटते, हृदयाला तेच काम करायला जास्त ठोके द्यावे लागतात, उष्णता बाहेर टाकणे अवघड होते. अशा वेळी ६:२१ आले यात नवल नाही. हा आकडा खोटा नाही, पण तो त्या संध्याकाळची हालत सांगतो. शेड्यूलचा निकाल त्यातून निघत नाही. आम्ही त्याला कंस केला आणि बाजूला ठेवला.

मग नऊ सेकंदांची घट खरी मानावी का? एकाच मुलाची वेळ, सारे काही सारखे ठेवले तरी, झोपेने, वाऱ्याने, सुरुवातीच्या घाईने चार-पाच सेकंद वरखाली होतेच. नऊ सेकंद त्याच्या जवळपास दुप्पट आहेत. आशा धरण्यासारखे आहे, पण एका जोडीवर पैज लावू नये. दुसरा पुरावा हवा. तो सोमवारच्या पानांवर सापडला आणि आमच्या मते त्या वहीतली तीच सर्वांत मोलाची पाने होती. मुलाने मात्र त्यांच्याकडे पाहिलेच नव्हते.

सोमवारी चारशे मीटरच्या चार धावा, म्हणजे प्रत्येकी मैदानाच्या दोन फेऱ्या. पहिल्या सोमवारचे सेकंद ८६, ८९, ९३, ९८. दुसऱ्या सोमवारी ८६, ८८, ९१, ९४. तिसऱ्या सोमवारी ८५, ८७, ८९, ९१. विश्रांती प्रत्येक वेळी तीन मिनिटे, वेळ पहाटेची, मैदान तेच. वरवर पाहणारा म्हणेल की पहिली धाव ८६ होती, आता ८५ आहे, एका सेकंदाने काय होते? पण पहिली धाव पाहायची नसते, तेव्हा सगळेच ताजे असतात. शेवटची पाहा. ९८ वरून ९१. पहिल्या सोमवारी पहिल्या आणि चौथ्या धावेत बारा सेकंदांचे अंतर होते, दुसऱ्या सोमवारी आठ आणि तिसऱ्या सोमवारी सहा. चारही धावांची बेरीज ३६६ वरून ३५९ आणि तिथून ३५२. तिन्ही आठवडे एकाच दिशेने, दर आठवड्याला सात सेकंद कमी.

मुलगा थकल्यानंतर किती टिकतो हे या पानावर दिसते आणि १६०० मीटरच्या शेवटच्या तीन फेऱ्यांत नेमके तेच लागते. हलक्या दिवसांची शर्यत होऊनसुद्धा एवढी सुधारणा झाली. मग शेड्यूल काम करत नाही असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? धावण्याच्या बाबतीत आमचा निर्णय स्पष्ट होता. शेड्यूल ठेवा.

पण वहीत धावण्याखेरीज गोळाही होता आणि त्याचा निकाल उलटा लागला. लोक शेड्यूल बदलतात तेव्हा सगळेच बदलतात, ठेवतात तेव्हा सगळेच ठेवतात. वही मात्र ओळीओळीने वाचावी. एक ओळ चालत असते, शेजारची अडलेली असते.

गोळ्याचे आठ दिवस होते, सात झाले. सातही लिहिल्याप्रमाणे, दर वेळी तीस फेकी, जागेवर उभे राहून. सर्वांत लांब फेक अनुक्रमे ५.४०, ५.३५, ५.४५, ५.४०, ५.५०, ५.४० आणि ५.४५ मीटर. इथे हजेरीचा प्रश्न नाही. रमजानचाही नाही, कारण सातपैकी सहा दिवस रमजानपूर्वीचे आहेत. आणि आकडे एकाच जागी घुटमळत आहेत. गोळा नव्याने शिकणाऱ्या मुलाची फेक पहिल्या महिन्यात कौशल्य येते तशी वाढायला हवी. पूर्ण हजेरी देऊनही ती हलली नसेल, तर त्या ओळीत काहीतरी चुकते आहे. त्यातच तिसऱ्या आठवड्यापासून शेरा होता, ‘मनगट दुखते.’ दुखणे हे तर आकड्यांची वाट न पाहता बदल करण्याचे कारण आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला मैदानावर फेकताना पाहिले. गोळा तळहातात धरला होता आणि क्रिकेटचा चेंडू फेकावा तसा हाताने भिरकावला जात होता. पाय जागेवरच खिळलेले. सात किलोंहून जड गोळा हाताच्या जोरावर जात नाही आणि मनगटावर तेवढा ताण आला की ते दुखणारच. तीस फेकींपैकी पहिल्या आठ-दहा बऱ्या गेल्या, पुढच्या वीसांत तो चुकीचीच रीत घोटवत होता.

म्हणून या ओळीत आम्ही तीन बदल सुचवले. पहिला, गोळा तळहातावर न ठेवता बोटांच्या मुळांशी ठेवायचा, मानेला जबड्याखाली टेकवायचा, कोपर मागे आणि वर ठेवायचे, आणि फेकायचा नाही, ढकलायचा. गोळा खांद्याच्या रेषेमागे गेला तर ती फेक बाद ठरते, हेही या रीतीने टळते. दुसरा, तीसऐवजी पंधरा फेकी, त्यातल्या पहिल्या आठ शाळेतल्या ५ किलोच्या गोळ्याने. हलक्या गोळ्याने गुडघे वाकवून, कंबर वळवून, पायांपासून जोर वर आणण्याची रीत अंगवळणी पडते, मनगटालाही आराम मिळतो. तिसरा, पंधराही फेकींचे अंतर लिहायचे, फक्त सर्वांत लांब फेक नाही. शेवटच्या पाच फेकी पहिल्या पाचांपेक्षा फार कमी पडू लागल्या तर त्या दिवशीचे काम तिथेच थांबवायचे.

आता उरला रमजानचा प्रश्न. अजून तीन आठवडे बाकी होते. या काळात शेड्यूल जसेच्या तसे चालवण्याचा हट्ट केला असता तर पुन्हा फुल्या पडल्या असत्या आणि मुलाने पुन्हा लिहिले असते, ‘वाया गेले.’ म्हणून हे तीन आठवडे आम्ही परीक्षेच्या बाहेर काढले. यात पुढे जायचे नाही, मिळवलेले टिकवायचे. आठवड्यात तीनच दिवस. एक दिवस इफ्तारपूर्वी अर्धा तास अगदी हलके धावणे, असे की घरी पोहोचेपर्यंत इफ्तारची वेळ व्हावी. एक दिवस तरावीहनंतर चारशे मीटरच्या तीन धावा, तोपर्यंत पोटात पाणी आणि थोडे हलके अन्न गेलेले असते. पोटभर जेवण धावून आल्यावर. एक दिवस इफ्तारनंतर गोळा. चक्कर आली, अंधारी आली, घाम यायचा थांबला तर तिथेच बसायचे, त्या दिवशी धावणे बंद. आणि ईदपर्यंत १६०० ची एकही चाचणी नाही, मित्रांनी कितीही आग्रह केला तरी. या काळातील नोंदी वहीत वेगळ्या शाईने लिहायच्या, म्हणजे पुढे कोणी त्यांची बाकीच्या नोंदींशी तुलना करणार नाही.

ईदनंतर एक आठवडा अंग पूर्ववत होऊ द्यायचे, मग शनिवारी फज्रनंतर एक चाचणी आणि तिथून चार पूर्ण आठवडे तेच शेड्यूल.

निर्णय ‘ठेवा’ असा दिला तरी तो कधी बदलायचा हे आजच लिहून ठेवणे गरजेचे असते. नाहीतर चार आठवड्यांनी पुन्हा अंदाजाचेच भांडण. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर आम्ही त्याच्याकडून अट लिहून घेतली. वीसपैकी निदान सोळा दिवस लिहिले तसे झाले, हलके दिवस खरोखर हलके झाले, दोन्ही चाचण्या पहाटे त्याच मैदानावर झाल्या, आणि तरीही १६०० ची वेळ पाच सेकंदांपेक्षा जास्त उतरली नाही आणि सोमवारची चौथी धावही जागची हलली नाही, तर शेड्यूल बदलायचे. तेव्हाही एका वेळी एकच गोष्ट बदलायची. उदाहरणार्थ, चारशे मीटरच्या चारऐवजी पाच धावा. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते वही सांगू शकत नाही. आणि सोळा दिवस भरलेच नाहीत, तर शेड्यूलबद्दल काहीच ठरवायचे नाही, दिवस का सुटतात ते आधी पाहायचे. दुकानाची वेळ आड येत असेल तर कदाचित पाचऐवजी चार दिवसांचे शेड्यूलच त्याला लागू पडेल.

अकॅडमीचे काय? तिथल्या शेड्यूलचा कागद मुलाने मोबाइलवर दाखवला. त्यात आठवड्यातून पाच दिवस ‘१६०० टायमिंग’ होते. हाच प्रयोग त्याने आपल्या वहीत तीन वेळा करून पाहिला होता आणि दोनदा दुसऱ्या दिवशी ‘पाय जड’ लिहिले होते. पंधरा हजार देऊन तेच रोज करायला जाण्यात अर्थ नव्हता. सगळ्याच अकॅडमी अशा असतात असे आम्ही म्हणत नाही. जिथे गोळ्याची रीत हात धरून शिकवतात, हलका दिवस हलका ठेवायला लावतात, तिथे फी सार्थकी लागू शकते. फी भरण्यापूर्वी आठवड्याचे शेड्यूल मागून घ्या आणि त्यात हलके दिवस किती ते मोजा. भिशी सध्या तशीच राहिली, दुकानाचे कामही राहिले.

ज्या वाचकांच्या घरी मुलगा किंवा मुलगी अशी तयारी करते त्यांनी एक काम करावे. वही नसेल तर आजच सुरू करायला लावा. रोजच्या ओळीत सहाच गोष्टी पुरेत. काय करायचे होते, काय केले, प्रत्येक धावेची वेळ, दिवसाची वेळ आणि मैदान, रात्रीची झोप, आणि शरीर कसे वाटले याचा दोन शब्दांचा शेरा. ‘काय करायचे होते’ आणि ‘काय केले’ हे दोन रकाने वेगळेच हवेत. आमच्या विद्यार्थ्याच्या वहीत ते वेगळे होते, म्हणूनच तीन शर्यती पकडता आल्या. नुसत्या टिका असत्या तर सतरा दिवस चांगले दिसले असते आणि दोष शेड्यूलवर गेला असता.

मुलींच्या बाबतीत वहीत आणखी एक खूण हवी, मासिक पाळीच्या दिवसांची. काही मुलींना त्या दिवसांत थकवा जास्त जाणवतो, काहींना नाही. खूण नसेल तर त्या दिवशीचा एखादा वाईट आकडा उगाच शेड्यूलच्या माथी बसतो. ही वही अम्मी किंवा मोठ्या बहिणीने पाहिली तर मुलगी ती खूण संकोच न करता करील.

महिना झाला की मुलाबरोबर बसा आणि याच क्रमाने वाचा. आधी वीस चौकोन भरा. मग एकाच परिस्थितीत घेतलेल्या चाचण्या निवडा, बाकीच्यांना कंस करा. मग थकल्यानंतरचे आकडे पाहा, पहिल्या ताज्या धावेचे नाही. मग शेरे वाचा आणि ते आकड्यांशी जुळतात का पाहा. शेवटी प्रत्येक ओळीचा वेगळा निकाल द्या. आम्हाला या वहीसाठी साधारण दीड तास लागला. दुसऱ्या वेळी निम्म्या वेळात होईल. आणि जाहिरात निघाली की गुणांचा तक्ता त्या जाहिरातीतलाच पाहा, गेल्या वर्षीच्या मोबाइलवरच्या फोटोवर विसंबू नका.